थेट पद्धत की पायरी पद्धत?

देखभाल, कॅन्टीन अशा सेवा विभागांचा खर्च उत्पादन विभागांवर वाटायच्या या दोन पद्धती. भोसरीतला एक छोटा कारखाना धरू. महिन्याला देखभालीचा खर्च 1,20,000 रुपये, कॅन्टीनचा 60,000. देखभालीचे तास मशीन शॉपला 600, असेंब्लीला 300, कॅन्टीनला 100. कामगार मशीन शॉपमध्ये 20, असेंब्लीत 40.

थेट पद्धत कॅन्टीनचे 100 तास सोडून देते, म्हणून देखभालीचा खर्च भागायचा 900 ने; कॅन्टीनचा वाटायचा कामगारांच्या प्रमाणात. मशीन शॉपवर 80,000 अधिक 20,000, असेंब्लीवर 40,000 अधिक 40,000. सवयीने 1,000 ने भागलं, तर 12,000 वाटायचे राहतात; बेरीज 1,80,000 होत नाही, तिथेच चूक सापडते.

पायरी पद्धतीत तेच 12,000 आधी कॅन्टीनवर जातात, मग कॅन्टीनचे 72,000 कामगारांच्या प्रमाणात वाटायचे. मशीन शॉप 96,000, असेंब्ली 84,000.

फरक चार हजारांचा. एवढ्यासाठी मी तरी थेटच वापरेन. देखभालीचे निम्मे तास कॅन्टीनच खात असतं, तर मात्र नाही.