सेल खोटा की मीटर? घरच्या कॅपॅसिटी टेस्टरचे आठ महिने

गेल्या सप्टेंबरात पुण्याच्या तपकीर गल्लीतून चार खणांचा एक चार्जर आणला. १८६५० सेल, म्हणजे टॉर्चमध्ये, लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तो गोल लिथियम-आयन सेल, हा नुसता भरत नाही, भरून रिकामा करतो आणि किती एमएएच, म्हणजे मिलिअँपियर-तास, निघाले ते पडद्यावर दाखवतो. आठ महिने झाले, पन्नासेक सेल त्यातून गेले. चांगला आहे का, असं विचाराल तर हो. फक्त तो दाखवतो तो आकडा एकट्या सेलचा नसतो, हे कळायला मला जानेवारी उजाडावा लागला, आणि एका दुकानदाराशी उगाच वाजलं ते वेगळंच.

आधी वापराबद्दल. यात दोन चाचण्या आहेत. झटपट चाचणीत तो सेल रिकामा करून परत भरतो आणि आत किती गेलं ते मोजतो. पूर्ण चाचणीत आधी भरतो, मग रिकामा करताना बाहेर किती आलं ते मोजतो, शेवटी पुन्हा भरून ठेवतो. कॅपॅसिटी म्हणून धरायची ती दुसरी. वेळ भरपूर लागतो. ५०० मिलिअँपियरने ३२०० एमएएच काढायचे म्हणजे निव्वळ साडेसहा तास, वर दोनदा भरणं. मी रात्री लावतच नाही, सुट्टीच्या दिवशी सकाळी लावतो, स्वयंपाकघराच्या ओट्यावर फरशीच्या तुकड्यावर ठेवून. मध्येच वीज गेली की आकडा शून्य. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, म्हणून गुरुवार बाद.

आता मूळ गोष्ट. जानेवारीत टॉर्चसाठी सॅमसंगचा ३५ई सेल घेतला. बाजारात त्याला ३५०० एमएएचचा म्हणतात. घरी येऊन तिसऱ्या खणात पूर्ण चाचणी लावली, आकडा आला ३०१२. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन म्हटलं, "काका, हा ड्युप्लिकेट आहे." नकली सेल बहुधा हलका असतो, म्हणून त्यांनी सेल वजनकाट्यावर ठेवला, बरोबर ४८ ग्रॅम भरला, आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, सेल खरा आहे. तुमचा मीटर तपासा." पुण्यात दुकानदाराने गिऱ्हाइकालाच तपासायला सांगणं यात नवल काही नाही, पण मला लागलं. घरी येऊन खरंच तपासायला बसलो.

पहिलं म्हणजे, तुलना कशाशी करतोय? ३५ईच्या तांत्रिक पत्रकात किमान कॅपॅसिटी ३३५० दिली आहे. तीही सेल ४.२० व्होल्टपर्यंत पूर्ण भरून, ६८० मिलिअँपियरने, २.६५ व्होल्टपर्यंत रिकामा केला तर. ३५०० हा चांगल्या दिवसाचा आकडा. आणि माझा चार्जर २.८ व्होल्टलाच थांबतो, ते बदलायची सोय त्यात नाही. मग मला वाटलं, सगळी तूट इथेच असणार.

नव्हती. चार्जरने "भरला" म्हटल्यावर सेल बाहेर काढून अर्ध्या तासाने मल्टिमीटरने पाहिला तर ४.१५ व्होल्ट. ४.२० नाही. पाच शतांश व्होल्टने काय होतंय, असं वाटेल, पण वरच्या टोकाला साधारण दहा मिलिव्होल्ट म्हणजे एक टक्का कॅपॅसिटी. तिथेच चार-पाच टक्के, म्हणजे दीडशेच्या आसपास एमएएच भरलेच नव्हते. खालच्या टोकाला उलटं असतं, सेल संपत आला की व्होल्टेज धाडकन पडतं, तिथे एक दशांश व्होल्टही थोडक्यात उरकतो.

पण भरला का नाही? रिकामा होत असताना शेवटच्या पाच मिनिटांत मल्टिमीटरचे प्रोब थेट सेलच्या टोकांना टेकवले, चार्जरच्या पट्ट्यांना नव्हे. पडद्यावर २.८१ होतं, सेलवर २.९२. मधले ०.११ व्होल्ट स्प्रिंग, सरकती पट्टी आणि तिच्यावरचा मळ यांत जात होते. अर्धा अँपियर वाहत असताना ०.११ व्होल्ट म्हणजे ०.२२ ओहम, सेलच्या स्वतःच्या रोधाच्या कितीतरी पट. भरतानाही हाच घोळ होतो. चार्जरला वाटतं सेल ४.२० ला पोहोचला, प्रत्यक्षात तो मागेच असतो. (प्रोब टेकवताना प्लसच्या बाजूला जपून. मधलं बटण प्लस, पण त्याच्याभोवतीची कड मायनस असते. प्रोब घसरला की ठिणगी. माझ्या एका प्रोबचं टोक त्यातच काळं झालंय.)

पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, सेल पहिल्या खणात बसवून दोनदा गोल फिरवला. या वेळी भरून काढल्यावर ४.१९, आणि आकडा ३१६८. सेल तोच, चार्जर तोच. मार्चमध्ये पुन्हा केली तर ३२५५. जानेवारीच्या सकाळी ओट्यावर चौदा अंश होते, मार्चमध्ये अठ्ठावीस. थंडीत सेलचा आतला रोध वाढतो, व्होल्टेज लवकर खाली येतं आणि चार्जर लवकर थांबतो. आत उरलेलं कुठे गेलेलं नसतं, फक्त मोजलं जात नाही. २.८ च्या खालचे पन्नास-साठ धरले तर ३३१० च्या आसपास. ३३५० पासून सव्वा टक्का कमी, एवढा तर या किमतीच्या चार्जरचा स्वतःचा फरक असणारच. काकांचं खरं होतं.

तेव्हापासून हा ३५ई टॉर्चमध्ये गेलाच नाही, त्याला मापाचा सेल केलं. अनोळखी सेल तपासायचा तर आदल्या दिवशी त्याच खणात हा लावतो. हा ३२०० देत असेल आणि नवा २५६०, तर नवा याच्या ८० टक्के. चार्जर थोडा खोटं बोलला तरी दोघांशी सारखंच बोलतो. चौथा खण मात्र कायम तीन टक्के जास्त दाखवतो, म्हणून खण बदलत नाही.

पडद्यावर अंतर्गत रोधही दिसतो, त्याकडे मी बघत नाही. एकच सेल काढून परत घातला तर ४५ मिलिओहमचा ८० होतो, तो स्प्रिंगचाच रोध.

आणि एमएएच चांगले आले म्हणजे सेल चांगला, असंही नाही. जुन्या बाजारातून आणलेल्या लॅपटॉप बॅटरीतल्या एका २६०० च्या सेलने २२१० दिले, मी खूश. पूर्ण भरून, तारीख चिकटवून कपाटात ठेवला. चार आठवड्यांनी ४.१८ चा ३.९४ झाला होता. शेजारचे सगळे ४.१६ वर. आतून गळत होता, आणि ते सहा-सात तासांच्या चाचणीत दिसत नाही. तो ई-कचऱ्यात गेला.

तक्रारी दोन. थांबायचं व्होल्टेज बदलता यायला हवं होतं, आणि पंखा आठ महिन्यांत खरखरायला लागलाय. चार सेल एकदम रिकामे करत असला की सगळी शक्ती उष्णता होऊन बाहेर पडते, आणि मधले दोन सेल कडेच्यांपेक्षा जास्त तापतात. म्हणून मापाचं काम असेल तेव्हा एका वेळी एकच, पहिल्या खणात.

टॉर्चसाठी त्याच दुकानातून दुसरा ३५ई आणला. पहिल्याच चाचणीत ३२६१. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मग दोन घ्यायचे होते."