क्रिटिकल स्पीड काही महिने वापरल्यावर: सगळी भानगड त्या १२०० मीटरची

१००० मीटरच्या पाच इंटरव्हलमध्ये दर वेळी चौथ्याला पाय संपायचे. तेव्हा क्रिटिकल स्पीड, म्हणजे बराच वेळ टिकवता येणारा सर्वात जास्त वेग, दोन अंतरं पूर्ण जोर लावून पळून काढायची ही पद्धत गुंडाळून ठेवावी असंच वाटत होतं. आता मत बदललंय, पण एका अटीवर.

गणित सोपं आहे. माझ्या सध्याच्या वेळा धरा: १२०० मीटर ४:२० मध्ये, ३२०० मीटर १२:४० मध्ये. अंतरातला फरक २००० मीटर, वेळेतला ५०० सेकंद. म्हणजे क्रिटिकल स्पीड सेकंदाला ४ मीटर, पेस किलोमीटरला ४:१०. २६० सेकंदांत त्या वेगाने १०४० मीटर होतात. उरलेले १६० मीटर म्हणजे डी-प्राइम, त्या वेगाच्या वर खर्चायची शिल्लक.

गोम छोट्या ट्रायलमध्ये आहे. मला मिळालेल्या तक्त्यात दोन्ही ट्रायल एकाच दिवशी होत्या, मोठी आधी. थकलेल्या पायांनी १२०० मीटरला ४:३० लागले. छोटी ट्रायल हळू झाली की क्रिटिकल स्पीड कमी यायला हवी ना? उलट ती वाढते! मधले २००० मीटर आता ४९० सेकंदांतच झाल्यासारखे दिसतात. पेस येतो ४:०५ आणि डी-प्राइम घसरतो शंभराच्या खाली. दमलेल्या माणसाला आकडे जास्त वेगाने पळायला सांगतात, हे मला अजूनही खटकतं.

इंटरव्हल क्रिटिकल स्पीडच्या १०५ टक्क्यांनी करायचे होते. खऱ्या आकड्यावरून पेस ३:५८ येतो आणि एका इंटरव्हलला शिल्लकीतले ४८ मीटर जातात. फुगलेल्या आकड्याने पेस झाला ३:५३, खर्च सुमारे ६७ मीटर. पाच सेकंदांचा फरक किरकोळ वाटतो, पण १६० मीटरच्या शिल्लकीत तो चौथ्या इंटरव्हलला दिसतोच.

तिसरी ट्रायल केली की हे पकडता येतं, असं सांगतात. येतं, पण जेमतेम. खऱ्या आकड्यांवरून २४०० मीटरला ९:२० लागतात, बिघडलेल्या आकड्यांवरून ९:२४. एवढा फरक वाऱ्यानेही पडतो. तरी मधली ट्रायल अंदाजापेक्षा जलद आली, तर मी आधी छोटीवर संशय घेतो. डी-प्राइम आधीच्या चाचणीपेक्षा एकदम खाली आला आणि क्रिटिकल स्पीड मात्र वाढली, तर छोटी पुन्हा पळतो.

आता दोन्ही ट्रायल वेगळ्या दिवशी, ताज्या पायांनी, त्याच ट्रॅकवर करतो. ३:५८ ने पाचही इंटरव्हल पूर्ण होतात. लॅब नाही, रक्ताचा थेंब नाही, घड्याळ आणि ट्रॅकवर काम भागतं, म्हणून पद्धत सोडणार नाही. एक मात्र हे गणित सांगत नाही: मधल्या जॉगमध्ये शिल्लक किती भरून येते. सुरुवातीला झपाट्याने भरते, पुढे रेंगाळते. त्यामुळे पेस न बदलता विश्रांती अर्ध्या मिनिटाने वाढवून बघतो, आणि शेवटचा इंटरव्हल पहिल्याच वेळेत आला की तिथेच थांबतो.