हिपॅटायटिस-बीची लस: एंजेरिक्स-बी की हेप्लिसाव्ह-बी?

अमेरिकेत राहणाऱ्या, मधुमेह असलेल्या एका काकांना या दोन लसींतून निवड करायची होती. विषाणूचं प्रथिन दोन्हींत सारखंच, २० मायक्रोग्रॅम. फरक आहे तो अ‍ॅडजुव्हंटचा. नुसतं शुद्ध प्रथिन टोचलं तर शरीराला त्यात धोका जाणवत नाही आणि प्रतिसाद दुबळा येतो; धोक्याची जाणीव करून देतो तो अ‍ॅडजुव्हंट.

एंजेरिक्समध्ये अ‍ॅल्युमिनियमचा क्षार आहे. प्रथिन त्याच्या कणांना चिकटतं आणि संरक्षक पेशी ते सहज गिळतात. हेप्लिसाव्हमध्ये जिवाणूंच्या डीएनएसारखे छोटे तुकडे आहेत. पेशींमधला टीएलआर-९ हा संवेदक त्यांना ओळखतो आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी थेट जाग्या होतात.

मेहनत पाहिली तर एंजेरिक्सचे तीन डोस सहा महिन्यांत, हेप्लिसाव्हचे दोन महिनाभरात. तिसरा डोस बरेचजण चुकवतात, म्हणून हा फरक मला मोठा वाटतो. परिणामातही तफावत आहे: चाचणीत मधुमेहींपैकी हेप्लिसाव्हने सुमारे ९० टक्क्यांना संरक्षण मिळालं, एंजेरिक्सने ६५ टक्क्यांना. हात दोन्हींनी दुखतो.

बाळांना आणि १८ वर्षांखालच्यांना एंजेरिक्सच. हेप्लिसाव्ह फक्त प्रौढांसाठी आहे. निरोगी तरुणाला दोन्ही चालतील. काकांनी मात्र हेप्लिसाव्ह घ्यावी.