फॅमिली लायब्ररी: साडेतीनशे रुपयांचं कुलूप

लातूरच्या आमच्या घरात फोन पाच आणि ॲपला पैसे देणारा मी एकटा. म्हणून प्ले स्टोअरचं फॅमिली लायब्ररी सुरू केलं, म्हणजे एकानं घेतलेलं ॲप घरच्यांच्या गटातल्या बाकीच्यांनाही वापरता येतं. गट चालवणारा धरून सहा जण बसतात, हे ठाऊक असेलच.

हे लिहायला निमित्त झालं पुतण्याचा पाढ्यांचा गेम. उतरवायला फुकट, पुढच्या लेव्हल उघडायला साडेतीनशे. माझ्या फोनवर सगळं उघडलं, वहिनीच्या फोनवर मात्र कुलूप तसंच. ‘Restore’ दाबून दाबून बोट दुखलं. ते बटण त्याच खात्यावरची जुनी खरेदी शोधतं; वहिनीचं खातं वेगळं, मग सापडणार काय? गेमवाल्यांना मेल केला, तर म्हणे दुसऱ्या खात्यासाठी पुन्हा घ्या. घरातल्या घरात पुन्हा काहून घ्यायचं?

तेव्हा ठरवलं होतं, एक स्टार द्यायचा. मग मुलांनी हट्टानं माइनक्राफ्ट घ्यायला लावलं आणि मत बदललं. एकदाच पैसे भरले, ॲपच्या पानावर ‘Family Library’ चालू केलं आणि दोघं आपापल्या फोनवर एकाच वेळी खेळायला लागले. त्यातली नाणी मात्र ज्याची त्याला.

फरक एवढाच. स्टोअरच्या बटणावर थेट किंमत असेल, तर ते ॲप बहुधा वाटता येतं. बटणावर ‘Install’ आणि खाली बारीक अक्षरात ‘In-app purchases’ असेल, तर आतली खरेदी एकाच खात्याची. ती या लायब्ररीत जातच नाही. आता पैसे भरण्याआधी मी ती बारीक ओळ चष्मा लावून वाचतो. वहिनीच्या फोनवर माझं खातं टाकून गेम उतरवता येतो, पण मग माझे मेलही तिथंच. वर पुतण्याच्या हातात माझी पैसे भरायची सोय! नको रे बाबा.

दुसरी गोष्ट ताईच्या लग्नानंतर कळली. एका वेळी एकाच गटात राहता येतं आणि गट वर्षातून एकदाच बदलता येतो. ताई नांदेडला गेली, भाऊजींच्या गटात शिरली, आणि तिनं घेतलेला फोटो एडिटर आमच्या लायब्ररीतून गेला. आईचे फोटो त्यात होते, पण आईला काही फरक पडला नाही. मला पडला, तो मीच वापरत होतो.

नियमात चूक नाही, ज्याची खरेदी त्याच्यासोबत जाणार. पण आमच्याकडं आता घरातली प्रत्येक खरेदी माझ्या खात्यातून होते. धाकटी सध्या चारशे रुपयांचं स्कॅनर ॲप मागतेय, स्वतःच्या खात्यातून घेते म्हणते. तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू आहे. म्हटलं, राहू दे, माझ्याच खात्यातून घेऊ.