दोन भाषांतला करार: समोरासमोर ठेवून वाचायचा की एकेक वेगळा?

मराठी-इंग्रजी करार सहीला आला की बहुतेक लोक मराठी वाचतात, इंग्रजी चाळतात आणि सही करून मोकळे होतात. खरंतर उलटं व्हायला हवं, कारण शेवटच्या पानांत कुठेतरी 'भाषा' नाहीतर 'इतर तरतुदी' अशा नावाचं एक कलम असतं आणि त्यात लिहिलेलं असतं की दोन्हींत फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. असं असेल तर मराठी प्रत फक्त तुमच्या समजुतीसाठी आहे, बांधील तुम्ही इंग्रजीला. म्हणून आधी ते कलम शोधा. दोन्ही समान धरलेत किंवा याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, तर प्रत्येक फरक म्हणजे उद्याचा वाद, त्यामुळे कोणती प्रत अंतिम ते सहीआधीच लिहून घ्या.

आता तपासायचं कसं, तर दोन पद्धती आहेत.

पहिली म्हणजे दोन्ही प्रती शेजारी ठेवून कलमाला कलम लावत जायचं. दहा-बारा पानांना एक संध्याकाळ पुरते. गळालेलं पोटकलम, पुढेमागे सरकलेले नंबर, 'कलम 7.2 नुसार' म्हटलंय पण मराठीत 7.2 भलतंच काहीतरी, एकाच प्रतीला जोडलेलं परिशिष्ट, हे सगळं यात पटापट सापडतं. आकडेही यातच तपासा आणि बोट ठेवून तपासा, कारण देवनागरी १ हा घाईत इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि ५ हा 4 सारखा, टाइप करणाऱ्याची चूक तिथेच होते. आकडा अक्षरीही लिहिलेला असेल तर तोही जुळवा.

पण अर्थातला फरक या पद्धतीत निसटतो. इंग्रजी वाक्य वाचलं की त्याचा अर्थ डोक्यात बसतो आणि मग मराठीतही आपल्याला तोच दिसतो, तिथे तो नसला तरी.

आमच्याकडे एका कामाच्या करारात हेच झालं. इंग्रजीत होतं 'आयदर पार्टी मे टर्मिनेट', म्हणजे दोघांपैकी कोणीही एक 30 दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो. मराठीत होतं 'दोन्ही पक्ष 30 दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपुष्टात आणू शकतील'. तिघांनी शेजारी ठेवून वाचलं, तिघांनाही बरोबर वाटलं.

सापडलं ते दुसऱ्या पद्धतीत. यात आधी फक्त मराठी प्रत घ्यायची आणि प्रत्येक कलमाखाली पाच उत्तरं लिहायची: कोण, काय, किती, कधीपासून, नाही केलं तर काय. तो कागद बाजूला ठेवायचा, दुसऱ्या दिवशी फक्त इंग्रजीवरून तीच उत्तरं लिहायची, आणि मगच दोन कागद जुळवायचे. दुसरा माणूस मिळाला तर इंग्रजी त्याला द्या, अजून चांगलं. आमच्या कागदावर 'कोण'समोर एकीकडे 'दोघं मिळून' आलं आणि दुसरीकडे 'कोणीही एक'. 'कधीपासून'समोर मराठीत 'नोटीस मिळाल्यापासून' आणि इंग्रजीत 'नोटिशीच्या तारखेपासून', म्हणजे पत्र पोचायला आठ दिवस लागले तर तेवढे दिवस एका प्रतीत तुमचे आणि दुसरीत गेलेले. 'शॅल' आणि 'मे'चा गोंधळही इथेच कळतो, 'परत करेल' आणि 'परत करू शकेल' यांत तुमची अनामत रक्कम अडकलेली असते.

या पद्धतीला वेळ दुप्पट लागतो, म्हणून सगळ्या कराराला ती लावायची गरज नाही. माझं मत, पूर्ण करार पहिल्या पद्धतीने, आणि पैसे, मुदत, करार संपवणं, जबाबदारी, वाद कुठे चालवायचा ही पाच ठिकाणं दुसऱ्या पद्धतीने.

एक जागा मात्र दोन्ही पद्धतींत सुटते. 'इंडेम्निफाय'चं मराठी अनेकदा नुसतं 'नुकसानभरपाई देईल' असं करतात. करार मोडल्याची भरपाई भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 73 मध्ये येते आणि इंडेम्निटी कलम 124 मध्ये, जिथे तिसऱ्याच माणसाच्या वागण्यामुळे झालेलं नुकसानही तुमच्या अंगावर येऊ शकतं. मराठी वाचून हे कळणारच नाही. हा शब्द दिसला तर तेवढं कलम दोन्ही भाषा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा, सगळा करार दाखवणं परवडत नसलं तरी.

फरक सापडला की फोनवर सांगून भागवू नका. दोन्ही वाक्यं खाली-वर लिहून ईमेल करा, तुम्हाला हवं ते वाक्य दोन्ही भाषांत सुचवा आणि नवीन प्रती मागवा. त्या आल्यावर बदललेलं कलम परत जुळवा, कारण दुरुस्ती बऱ्याचदा एकाच भाषेत होते आणि दुसरी प्रत जुनीच राहते. सही करताना दोन्ही भाषांच्या प्रत्येक पानावर दोघांच्याही छोट्या सह्या घ्या.