सुजणारे मधुमेही पाय, मे महिना आणि लांबचा प्रवास: सँडल की बूट, ढिला मोजा की घट्ट?

डोंबिवलीत राहणारे माझे मावशी आणि काका, दोघांनाही मधुमेह आहे आणि संध्याकाळपर्यंत दोघांचेही पाय सुजतात. मे महिन्यात त्यांना रत्नागिरीला लग्नाला जायचं होतं. म्हणजे रिक्षा, लोकल, दादरचा पूल, मग कोकणच्या गाडीत पाय खाली सोडून तासन्‌तास बसणं आणि तेवढाच प्रवास परतीचा. दुकानात दोघांनाही एकच मऊ चप्पल दाखवली गेली, ‘डायबेटिक’ असा शिक्का मारलेली. प्रत्यक्षात दोघांची निवड वेगळी व्हायला हवी होती आणि तशीच झाली. सूज दोघांना असली तरी पायाची संवेदना दोघांची सारखी नव्हती, आणि निर्णय संवेदनेवरच ठरतो.

संवेदना घरीच पाहता येते. माणसाला आडवं झोपवायचं, डोळे मिटायला सांगायचे आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशा सहा टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत, एकाच जागी पुन्हा पुन्हा हात लावायचा नाही. स्पर्श कळला की त्यांनी ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संवेदना कमी झाली आहे असं धरून चालायचं आणि डॉक्टरांकडून नीट तपासून घ्यायचं. काकांना सहाही स्पर्श कळले. मावशीला दोन्ही करंगळ्यांवर काहीच जाणवलं नाही. ‘मला तर काही दुखत नाही’ असं ती आधीपासून सांगत होती. न दुखणं हीच तिच्या पायाची अडचण आहे.

आता पादत्राणं. मऊ एमसीआर रबराची चपटी चप्पल मुंबईत कुठल्याही सर्जिकल दुकानात मिळते. तिचा तळवा खरंच चांगला असतो, चवड्यावरचा दाब पसरवतो आणि घरातल्या फरशीवर ती उत्तम. पण मागे पट्टा नसेल तर ती पायात ठेवण्यासाठी बोटं सतत आवळावी लागतात. अंगठा असलेल्या चपलेत अंगठ्याच्या बेचक्यात घासतं, आणि सूज आली की वरचा पट्टा पायात रुततो. बधीर पायातून ती निसटली तरी लगेच कळत नाही. रेल्वेच्या जिन्यावर, मागून गर्दीचा रेटा असताना, हे धोक्याचं आहे. म्हणून प्रवासासाठी ही चप्पल मी दोघांसाठीही बाद केली. कोल्हापुरीचा तर प्रश्नच नाही. तिचं चामडं कडक आणि तळवा पातळ, आणि सुजलेल्या पायाला सामावून घ्यायला तिच्यात जागाच नसते.

खरी तुलना उरते ती मागे पट्टा असलेली वेल्क्रोची सँडल आणि जाळीच्या कापडाचा वेल्क्रोचा बूट यांच्यात.

सँडलचा मोठा गुण म्हणजे हवा. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, बोटांच्या बेचक्यात ओल राहते आणि चिखल्या होतात. तिथली कातडी पांढरी पडून सोलली की जंतूंना आत शिरायला वाट मिळते. सँडलमध्ये हा त्रास बराच कमी. शिवाय चवड्यावर, घोट्याजवळ आणि टाचेमागे असे तीन पट्टे वेल्क्रोचे असतील तर गाडीत बसल्या बसल्या ते सैल करता येतात. पट्ट्यांना आतून मऊ अस्तर हवं आणि एकही शिवण थेट कातडीवर यायला नको. तोटा उघडच आहे: बोटं उघडी राहतात. लोकलमध्ये कुणाची बॅग किंवा टाच पडते, प्लॅटफॉर्मवरचा खडा आत शिरतो. काकांना खडा टोचला तर ते थांबून काढतील. मावशी तो खडा दादरपासून रत्नागिरीपर्यंत तळव्याखाली घेऊन जाईल आणि रात्री मोज्यावर रक्ताचा डाग दिसेल तेव्हा कळेल.

म्हणून मावशीसाठी बूट. बूट म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर कडक, काळा, लेसचा बूट आला. पण वरचा भाग ताणल्या जाणाऱ्या जाळीचा, पुढून गोल आणि खोल, वेल्क्रो सोडल्यावर तोंड पूर्ण उघडणारा असा बूट मिळतो. पाय कोंबावा लागत नाही, ठेवता येतो. आतला तळवा सुटा असावा, म्हणजे गरज पडल्यास पायाच्या मापाचा तळवा बसवता येतो. उष्णता यात सँडलपेक्षा जास्त जाणवते, हे खरं आहे. पण घामावर मोजा बदलून उपाय करता येतो. कळलीच नाही अशा जखमेवर वेळेत उपाय करता येत नाही. भोकाभोकांचे फोमचे क्लॉग सध्या घरोघरी दिसतात. ते रुंद आणि धुवायला सोपे असले तरी त्यात पाय पुढेमागे सरकतो आणि घासतो, म्हणून लांब चालण्यासाठी मी ते सुचवणार नाही.

माप घेताना छापील नंबरावर विसंबू नये. काकांचं आणि मावशीचं माप आम्ही संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, उभं राहून घेतलं. कागदावर पाय ठेवून पेन्सिल सरळ उभी धरून कडेने रेघ मारली. मावशीचा उजवा पाय टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत 23.5 सेंटिमीटर भरला. बूट आतून पायापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर लांब हवा, म्हणजे तिला आतली लांबी साडेचोवीस ते साडेपंचवीसच्या मध्ये हवी होती. मग तो कागदी पाय कापून दुकानात नेला आणि बुटाचा सुटा तळवा काढून त्यावर ठेवला. पहिल्या जोडात लांबी बरोबर होती, पण करंगळीच्या बाजूला कागद तळव्याच्या बाहेर येत होता. विक्रेता म्हणाला, ‘वापरून सैल होईल.’ बधीर पायासाठी हे उत्तर चालत नाही, कारण बूट सैल होईपर्यंत करंगळीची कातडी निघालेली असते. रुंद साच्याचा जोड घेतला तेव्हा कागद पूर्ण आत बसला.

नवा जोड थेट प्रवासाला घालायचा नाही. पहिल्या दिवशी घरात तासभर, मग काढून पाय पाहायचा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, त्यामुळे गडद पडलेला किंवा चकाकणारा भाग शोधायचा आणि हाताच्या पालथ्या बाजूने तो आजूबाजूपेक्षा गरम लागतो का ते बघायचं. अर्ध्या तासानेही खूण तशीच राहिली तर तो जोड तिथे दाबतो आहे. तो परत करावा.

मोज्यांच्या बाबतीत दुकानात सर्वांत जास्त गोंधळ होतो. ‘डायबेटिक मोजा’ आणि ‘सूज उतरवणारा मोजा’ शेजारी शेजारी टांगलेले असतात, पण त्यांची कामं उलटी आहेत. डायबेटिक मोजा मुद्दाम ढिला असतो: वर आवळणारं इलॅस्टिक नाही, बोटांवर जाड शिवण नाही, तळव्याला थोडी जाडी. तो सूज उतरवत नाही, कातडी सांभाळतो. कॉम्प्रेशन मोजा घोट्यापाशी सर्वांत घट्ट आणि पोटरीकडे कमी होत जाणारा असतो, त्याचा दाब मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. तो सूज खरोखर कमी करतो. पण पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या असतील तर आधीच कमी असलेला रक्तपुरवठा तो आणखी कमी करू शकतो. मधुमेहात हे अरुंद होणं अनेकदा मुकाट्याने चालू असतं.

म्हणून कॉम्प्रेशन मोजा स्वतःच्या मनाने घेऊ नये. डॉक्टर पायाची नाडी तपासतात, गरज पडली तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. मधुमेहात रोहिण्या कडक झालेल्या असतील तर घोट्याचा आकडा फसवा चांगला येऊ शकतो, तेव्हा पायाच्या बोटाचा दाब मोजावा लागतो. काकांच्या पायाची नाडी चांगली लागली. त्यांना गाडीपुरता, गुडघ्याखालपर्यंतचा, हलक्या दाबाचा मोजा डॉक्टरांनी लिहून दिला. घोट्याचा आणि पोटरीचा घेर सकाळी, सूज नसताना, मोजून. बुटाचं माप संध्याकाळी आणि या मोज्याचं सकाळी, हा फरक लक्षात ठेवावा. तो अंथरुणातून उठण्याआधी चढवायचा आणि वरची कड कधीही गुंडाळायची नाही. गुंडाळलेली कड पोटरीला दोरीसारखी आवळते. बोटं उघडी ठेवणारा प्रकार घेतल्यामुळे तो काकांच्या सँडलमध्येही बसला.

त्याच भेटीत आणखी एक गोष्ट निघाली. दोघांनाही रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन चालू होतं आणि त्या गोळीने घोटे सुजतात. मधुमेहातली पायोग्लिटाझोन आणि मुंग्यांसाठी देतात ती प्रीगॅबालिन यांनीही सूज येऊ शकते. गोळी आपली आपण बंद करायची नाही, पण नवीन पादत्राणांवर खर्च करण्याआधी हे विचारून घ्यावं.

मावशीसाठी ढिला मोजा, पांढरा. पांढऱ्यावर रक्त किंवा पाणी लगेच दिसतं. शंभर टक्के सुती मोजा घाम शोषतो खरा, पण ओला झाला की ओलाच राहतो. सुती आणि कृत्रिम धाग्याचं मिश्रण लवकर वाळतं, म्हणून मुंबई-कोकणच्या हवेत मी मिश्रणाकडे झुकतो. शिवण जाणवत असेल तर मोजा उलटा घालावा. तिच्या पर्समध्ये दोन जास्तीचे जोड होते. गाडीत मधल्या वेळी मोजा काढायचा, बेचके रुमालाने टिपायचे, काकांनी तळवा पाहायचा आणि कोरडा मोजा चढवायचा. मलम तळव्याला आणि टाचेला लावायचं, बेचक्यात नाही.

गाडीत बूट वा सँडल काढून नुसत्या मोज्यावर संडासाकडे जाऊ नये. वेल्क्रो सैल करावा, दर तासाने पावलं वर-खाली करून पोटरीचा स्नायू हलवावा. समोरच्या बर्थवर पाय ठेवायचे तर पोटरीखाली टॉवेलची घडी ठेवून टाच अधांतरी ठेवावी, नाहीतर कडक बर्थवर टाचेलाच फोड येतो. देवळाबाहेर उन्हात तापलेल्या बुटात बधीर पाय थेट घालू नये. आधी हात घालून आतली उष्णता आणि खडा दोन्ही पाहावं. तापलेल्या फरशीवर मोजा पुरत नाही, तिथे मावशीने सावलीतूनच नमस्कार केला.

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली किंवा दम लागला, तर सँडल-बुटाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. बधीर पाऊल एका बाजूला लाल, गरम आणि सुजलेलं वाटलं, अगदी दुखत नसलं तरी, त्यावर भार देणं लगेच थांबवावं. आत जंतुसंसर्ग असू शकतो किंवा पावलाची हाडं खचू लागलेली असू शकतात, आणि अशा पायाने प्रवास पुढे ढकलावा.