मुंबई-टोरंटो, तीन प्रवास: बिझनेस क्लाससाठी बोली, माइल्स की थेट तिकीट?

गेल्या दीड वर्षात आम्ही दोघं तीनदा मुलीकडे टोरंटोला जाऊन आलो. वाट आखातातून. मुंबईहून साधारण तीन तास, मग विमान बदलून चौदा तास. हिच्या गुडघ्यामुळे त्या चौदा तासांत पाय सरळ ठेवणं ही चैन नाही, गरज आहे. इकॉनॉमीचं जाऊन-येऊन तिकीट माणशी ९५ हजार, बिझनेसचं ३ लाख ४० हजार.

पहिल्या वेळी इकॉनॉमीचं तिकीट काढून, बिझनेसच्या सीटसाठी वर किती देऊ याची बोली लावली. बुकिंगनंतर विमान कंपनीचा ईमेल येतो, पानावर एक काटा सरकवायचा, रक्कम वाढवली की तो लालकडून हिरव्याकडे जातो. मी दोन्ही टप्प्यांवर बोली लावली: छोट्यावर माणशी २०, मोठ्यावर ७० हजार. काटा दोन्हीकडे हिरवा होता. उड्डाणाच्या छत्तीस तास आधी कार्डावरून ४० हजार गेल्याचा मेसेज आला. छोटा टप्पा मंजूर, मोठा नामंजूर!

पहाटे साडेचारचं विमान. गरम टॉवेल, काचेच्या ग्लासात रस, पाठ टेकते न टेकते तोच उतरायची सूचना. मग पुढचे चौदा तास एक्केचाळिसाव्या रांगेत. टोरंटोला हिचा गुडघा इतका सुजला होता की चप्पल बदलायला मुलीला खाली बसावं लागलं. ते ४० हजार मला आजही टोचतात.

माझी खरी तक्रार हीच आहे. प्रत्येक टप्प्याची बोली स्वतंत्र धरली जाते. ‘मोठा टप्पा मिळाला तरच छोटा द्या’ असं सांगायची सोयच त्या पानावर नाही. ग्राहक सेवेला तीनदा फोन केला, उत्तर एकच: मंजूर झालेली बोली परत होत नाही. आणि तो हिरवा काटा फक्त रकमेबद्दल बोलतो. जागा किती उरल्यात, इतरांनी किती लावलेत, हे तो सांगत नाही.

दुसऱ्या वेळी छोटा टप्पा मोकळा सोडला. मोठ्यावर जाताना आणि येताना प्रत्येक वेळी माणशी ७५ हजार लावले आणि तेव्हापासून रोज एक गोष्ट पाहत गेलो. कंपनीच्याच साइटवर त्याच विमानाचं बिझनेस तिकीट नऊ जणांसाठी शोधायचं. नऊ जणांना मिळत असेल तर विक्रीला बऱ्याच जागा शिल्लक आहेत. मिळत नसेल तर सहा, चार, दोन असं उतरत जायचं. सीट निवडायच्या नकाशावर विसंबू नका, तिथे रिकामी दिसणारी सीट विकलेलीही असू शकते. कंपनीने ठरवलेल्या मुदतीपर्यंत बोली बदलता किंवा मागे घेता येते, म्हणून हे पाहण्याला अर्थ आहे. आमच्या वेळी चार दिवस आधीही नऊ जणांना मिळत होतं, आणि दोन्ही बोली मंजूर झाल्या. ही सहा तास सलग झोपली. बोलीबद्दलचा माझा राग तिथे बराच निवळला.

हिशेब मात्र नीट मांडावा लागतो. ९५ अधिक ७५ अधिक ७५ म्हणजे माणशी २ लाख ४५ हजार. थेट तिकिटापेक्षा ९५ हजारांनी स्वस्त. पण छोटे टप्पे इकॉनॉमीतच, सामानाची मर्यादा आणि तारीख बदलण्याचे नियमही मूळ तिकिटाचेच. शिवाय पाय पसरायला जागा मिळावी म्हणून आधी माणशी ९ हजार भरून घेतलेल्या सीटचे पैसे बुडाले. बोली लावायची असेल तर सीटसाठी आधी पैसे भरू नका.

तिसऱ्या वेळी माइल्स, म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट वापरले, आणि इथे मत पुन्हा बदललं. अगदी स्वस्त इकॉनॉमी तिकिटावर माइल्सने अपग्रेड मिळत नव्हतं. तिकिटावर भाड्याच्या प्रकाराचं जे अक्षर असतं, त्यावर ते ठरतं. चालणारं तिकीट माणशी १८ हजारांनी महाग होतं. शिवाय जातानाच्या मोठ्या टप्प्याला माणशी ६२ हजार माइल्स. ते क्रेडिट कार्डाच्या पॉइंटमधून वळवले. एरवी मला एका पॉइंटचे पन्नास पैसे मिळाले असते, म्हणजे ३१ हजार. एकूण ४९ हजारांत तीच सीट, आणि बुकिंगच्या दिवशीच पक्की. अडचण एवढीच की माइल्ससाठी वेगळ्या ठेवलेल्या जागा थोड्या असतात. आमच्या तारखेला एकच होती, दोन मिळवायला प्रवास चार दिवस पुढे ढकलावा लागला. आणि कार्डावरचे पॉइंट एकदा विमान कंपनीकडे वळवले की परत येत नाहीत, म्हणून आधी जागेची खात्री केली, मगच वळवले.

आता ऑक्टोबरचं बुकिंग करायचं आहे. माइल्स संपलेत. परवा सेलमध्ये थेट बिझनेस २ लाख ७० हजारांना दिसलं, बोलीच्या हिशेबापेक्षा माणशी २५ हजार जास्त. चारही टप्पे पक्के, सामान जास्त, तारीखही बदलता येते. तेवढ्यासाठी उड्डाणाच्या दोन दिवस आधीपर्यंत हिच्या गुडघ्याचं काय होणार याची वाट पाहत बसायची माझी तयारी नाही. आज संध्याकाळी मुलीशी तारखा बोलून तेच काढतोय.